सुटा शेर, बांधलेली गझल

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेत नेमलेल्या गझलेखाली एक प्रश्न वाचला होता : 'प्रस्तुत गझलेची मध्यवर्ती कल्पना स्पष्ट करा.' विद्यार्थ्यांनी ती स्पष्ट केलीही. पहिल्या शेरातला विरह, तिसऱ्यातला समाजावरचा राग आणि शेवटच्यातली मृत्यूची जाणीव यांना एका सुतात ओवून 'कवीला जीवनातील वैफल्य मांडायचे आहे' असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि त्यांना गुणही मिळाले. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भावगीत, सुनीत, मुक्तछंद हे सारे ज्या एकाच रीतीने आपण वर्गात शिकवतो, त्याच रीतीने त्यांनी गझल वाचली होती. परंतु गझलेला ती रीत लागू पडत नाही. मध्यवर्ती कल्पना शेराला असते, गझलेला असलीच पाहिजे असे नाही.

याच्या उलट टोकाचे मतही आपल्याकडे ऐकू येते. शेर स्वतंत्र असतात, म्हणजे गझल ही केवळ मोळी आहे. यमकाच्या दोरीने बांधली, दोरी सोडली की काटक्या मोकळ्या. उर्दूतही ही तक्रार जुनी आहे. हाली यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'मध्ये गझलेच्या सुधारणेची गरज मांडली, आणि पुढे कलीमुद्दीन अहमद या समीक्षकांनी तर तिला अर्धरानटी काव्यप्रकार ठरवले. त्यांच्या आक्षेपाचा गाभा हाच होता की, या रचनेत विचाराला सलग वाढता येत नाही. माझे म्हणणे असे की, 'एकात्म कविता' आणि 'मोळी' ही दोन्ही मते एकाच चुकीतून येतात. दोघांनाही शेराशेरांमधला संबंध आशयात शोधायचा आहे. तो ज्यांना सापडतो ते मध्यवर्ती कल्पना लिहितात, ज्यांना सापडत नाही ते गझलेला रानटी म्हणतात. संबंध आहे, पण तो रदीफ आणि काफिया यांच्या व्यवहारात आहे, आणि तिथे तो पाहायला आपण शिकवत नाही.

हा व्यवहार नुसत्या व्याख्यांनी समजत नाही. थोरांच्या गझला समोर ठेवल्या की त्यांच्या कीर्तीने डोळे दिपतात आणि सांधे दिसेनासे होतात. म्हणून वर्गात दाखवण्यासाठी मी स्वतःच काही शेर जुळवले. त्यांची काव्यगुणाबद्दल काही मिरास नाही. शिवणकामाच्या वर्गात उलटा करून दाखवलेला सदरा जसा असतो, तसे ते वाचावेत. लगक्रम आहे गालगागा गालगागा गालगा. मतला असा :

गाव गेले, फक्त गाणे राहिले
एकदा तेथून जाणे राहिले

गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात आणि त्याच्या दोन्ही ओळींत यमक येते, एवढे प्रत्येक टिपणवहीत असते. परंतु मतला हा एक करार असतो, हे तिथे नसते. या दोन ओळी वाचून होताच तीन गोष्टी ठरतात. 'राहिले' हा शब्द दोन्ही ओळींच्या शेवटी जसाच्या तसा आला, म्हणून तो रदीफ. त्याच्या लगेच आधी 'गाणे' आणि 'जाणे' आले, म्हणून ते काफिये. आणि त्या दोहोंत समान काय, तर 'आ' हा स्वर आणि त्यानंतरचा 'णे'. त्या न बदलणाऱ्या 'आ'ला सुरेश भट यांनी 'गझलेची बाराखडी'त उर्दूतूनच 'अलामत' हा शब्द घेऊन मराठीत रुळवला. वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून गझलेची जमीन होते. पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीला या जमिनीवर उतरावे लागते; पहिली ओळ मोकळी असते, तिला फक्त वृत्त पाळायचे.

आता 'राहिले'कडे पाहा. पहिल्या ओळीत त्याचा अर्थ 'उरले' असा आहे : गाव धरणाखाली गेले असेल, उठून गेले असेल, पण गाणे उरले. दुसऱ्या ओळीत त्याच शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे : जायचे होते, ते झाले नाही, 'राहून गेले'. एक शब्द एका ओळीत शिल्लक दाखवतो आणि दुसऱ्या ओळीत उणीव. मराठीत 'राहणे' या क्रियापदाला आणखीही अर्थ आहेत, त्यांतला वस्ती करणे, थांबणे हा तर रोजचाच. म्हणून हा रदीफ मला निवडावासा वाटला. चांगल्या रदीफाची पहिली कसोटी मी अशी मानतो की, त्याला एकाहून अधिक अर्थच्छटा असाव्यात आणि मतल्यातच त्या दोन दिशांना फुटलेल्या दिसाव्यात. शब्द तोच आणि अर्थही तोच असेल तर पाचव्या शेरापर्यंत रदीफाचे टाळ होतात.

दुसरा शेर :

पाखरे आली, उडाली, पांगली
या मुठीच्या आत दाणे राहिले

या शेराला गाव, गाणे, तेथून जाणे यांपैकी कशाचीही गरज नाही. तो कापून कुठेही नेता येतो. दाणे टाकायचे होते, मूठ उघडली नाही. कंजूषपणा, संकोच, भीती की नुसता उशीर, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन ओळींत एक प्रसंग आणि त्या प्रसंगाची बोच पूर्ण झाली. शेर ही स्वयंपूर्ण कविता आहे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा हे म्हणत असतो.

पण ही स्वयंपूर्णता कशी साधते? पहिल्या ओळीवर हात ठेवून फक्त दुसरी वाचा. मुठीत दाणे राहिले, एवढीच एक वस्तुस्थिती उरते. आता दुसरीवर हात ठेवून पहिली वाचा. पाखरे आली आणि गेली, रोजच येतात. एकेकट्या दोन्ही ओळी निरुपद्रवी आहेत. पहिलीने मुठीबद्दल एक अक्षर काढलेले नाही, आणि दुसरीने पाखरांबद्दल. मधल्या विरामात वाचकाला जी उडी घ्यावी लागते, तीत शेर घडतो. मुशायऱ्यात पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणण्याची प्रथा आहे ती उगीच नाही. श्रोत्याला जमीन माहीत असते, 'राहिले' येणार हेही माहीत असते. 'आणे'त संपणारा कोणता शब्द येईल, आणि तो पाखरांशी कसा भिडेल, याचा तो अंदाज बांधत असतो. 'दाणे' उच्चारले जाते त्या क्षणी उरलेला 'राहिले' श्रोतेच पुरा करतात. अपेक्षा आणि आश्चर्य यांची वाटणी इथे अगदी नेमकी झालेली असते : रदीफ ठाऊक, काफिया अर्धा ठाऊक, आशय अज्ञात. ओळींची अदलाबदल करून पाहिली तर मूठ आधी दिसते, पाखरे मागून येतात, आणि शेर मरतो.

उडी फार लांब झाली तर दोन ओळी एकमेकींना ओळखतच नाहीत. अशा शेराला उर्दूत 'दोलख्त' म्हणतात, म्हणजे दोन तुकड्यांचा. मराठीत नव्याने लिहिणाऱ्यांच्या गझलांत हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी सांगितला जातो, कारण मात्रा मोजून तो सापडत नाही.

याहून वेगळा दोष आहे परावलंबनाचा. याच जमिनीत मी आधी असा एक शेर लिहिला होता :

ती तरी आली तिथे भेटायला
अन् मला माझे बहाणे राहिले

वृत्त चोख आहे, काफिया चोख आहे, अर्थही लागतो. तरी हा शेर पायावर उभा नाही. 'तिथे' म्हणजे कुठे? मतल्यातले गाव मनात असेल तरच या 'तिथे'ला जागा मिळते. 'ती' चालते, गझलेच्या संकेतात 'ती' किंवा 'तो' हे नेहमीचेच पात्र आहे, त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. 'तिथे', 'मग', 'त्यातही', 'म्हणूनच' हे शब्द मात्र बाहेर बोट दाखवतात. शेर स्वतंत्र आहे की नाही हे पाहण्याचा माझा साधा उपाय असा : तो एका कोऱ्या कागदावर एकटा लिहावा, आणि ज्याने गझल वाचलेली नाही अशा माणसाला द्यावा. त्याने 'कुठे?', 'कशात?', 'कोणाचे?' असे विचारले, तर शेर उसना आहे. वरचा शेर नंतर असा झाला :

ऊन होते, तीच आली एकटी
सावलीपाशी बहाणे राहिले

इथे बोट बाहेर जात नाही. ऊन आणि सावली शेरातच आहेत. बोलणाऱ्याने 'मी' म्हटलेलेच नाही, तरी सावलीत तो बसलेला दिसतो. आणि 'राहिले'चा तिसरा अर्थ, थांबून बसणे, आपोआप हाती आला. पहिल्या खर्ड्यात 'मला राहिले' अशी ओढाताण होती, ती गेली. परावलंबन दुरुस्त करताना रदीफही सुधारला, हा योगायोग नव्हे. शेर जेव्हा स्वतःच्या दोन ओळींत आपले सर्व काही मिळवू पाहतो, तेव्हा त्याला रदीफालाही कामाला लावावे लागते.

न लावल्यास काय होते ते पाहा :

पावसाने चिंब झाली ही धरा
पाखरांचे गोड गाणे राहिले

असे शेर मासिकांच्या दिवाळी अंकांत डझनांनी मिळतील. इथे 'राहिले'च्या जागी 'चालले' घाला, 'ऐकले' घाला, 'थांबले'सुद्धा घाला. शेराचे काही बिघडत नाही. म्हणजेच रदीफ शेरात नाही, शेराला चिकटवलेला आहे. हीच परीक्षा मतल्यावर करा. 'फक्त गाणे चालले' म्हणताच गाव जाण्याची कळ नाहीशी होते, आणि 'तेथून जाणे चालले' म्हटले तर अर्थच फिरतो. रदीफ बदलून पाहणे ही परीक्षा वर्गात दोन मिनिटांत करता येते आणि वृत्ताच्या खुणा न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ती जमते. तरी ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते.

आता काफियाकडे वळतो, कारण माझा खरा वाद तिथे आहे. समजा, मतला असा असता :

भेटलो शेवटी, बोलणे राहिले
पायरी गाठली, मागणे राहिले

वृत्त वेगळे आहे, चार वेळा गालगा. रदीफ तोच. कानाला गोडही लागते. परंतु काफिये कोणते? 'बोलणे' आणि 'मागणे'. त्यांतला 'णे' हा धातूला लागणारा प्रत्यय आहे. तो दोन्हीकडून काढला की 'बोल' आणि 'माग' उरतात आणि त्यांचे एकमेकांशी काहीही जुळत नाही. म्हणजे जे पुन्हा आले ते यमक नव्हे, व्याकरण आहे. उर्दू शास्त्रात या दोषाला 'ईता' म्हणतात. त्याच कसोटीवर आपला आधीचा मतला घासा. 'जाणे'तला 'णे' हाही प्रत्ययच, आणि 'गाणे' हे नाम असले तरी मुळात 'गा' या धातूचे. पण इथे 'णे' काढल्यावर 'गा' आणि 'जा' उरतात, आणि ते जुळतात. प्रत्ययाच्या अलीकडेच यमक सुरू झालेले आहे, म्हणून करार टिकतो. पुढे 'दाणे' आणि 'बहाणे' यांत तर प्रत्यय नाहीच, ती 'दाणा' आणि 'बहाणा' यांची अनेकवचने आहेत.

मराठीत यावर उत्तर दिले जाते की, उर्दूचा हा बारकावा आपल्याला कशाला? मराठी प्रत्ययप्रधान भाषा आहे, आपल्याकडे केवळ स्वरावर जुळणारा स्वरकाफियाही चालवून घेतला जातो, मग 'बोलणे–मागणे'ने काय घोडे मारले? कानाला चालते तर चालू द्यावे. हे उत्तर मला पटत नाही, आणि शुद्धतेच्या हट्टापायी नव्हे. दोष कानाचा नाहीच. 'बोलणे राहिले', 'मागणे राहिले', मग 'सांगणे राहिले', 'पाहणे राहिले', 'ऐकणे राहिले'. प्रत्यय ठरला की प्रत्येक शेरात 'राहिले'चा अर्थ एकच होतो : करायचे होते, झाले नाही. रदीफाच्या अर्थाची सारी दारे बंद होऊन एकच उघडे राहते, आणि त्यातून दहा शेर गेले तरी ते एकाच खोलीत पोचतात. अशी गझल वाचून विद्यार्थ्याने 'मध्यवर्ती कल्पना : अपूर्णता' असे लिहिले, तर त्याचे काय चुकले? म्हणजे ज्या गझलेत काफिया व्याकरणाने भागवलेला असतो, तिथेच शेराचे स्वातंत्र्यही गेलेले असते. उलट 'आणे' या काफियाने मला पाखरांचे दाणे, सावलीतले बहाणे अशा, एरवी एका कवितेत न येणाऱ्या वस्तूंकडे ढकलले. यमकाचे बंधन आशयाला मोकळे करते, ते अशा अगदी हिशेबी मार्गाने. कवीला जे म्हणायचे आहे ते त्याला सरळ म्हणू न देता, ते त्याला दुसऱ्याच वस्तूच्या दारातून म्हणायला लावते.

एक मराठी अडचण इथे नोंदवली पाहिजे. आपली क्रियापदे लिंगवचनाप्रमाणे बदलतात. 'राहिले' हा रदीफ घेतला की त्याचा कर्ता नपुंसकलिंगी एकवचनी किंवा पुल्लिंगी अनेकवचनी असावा लागतो. 'गाणे' आणि 'जाणे' पहिल्या गटातले, 'दाणे' आणि 'बहाणे' दुसऱ्या गटातले. स्त्रीलिंगी शब्द या जमिनीत काफिया म्हणून कर्ता होऊच शकत नाही. 'राहिली' किंवा 'राहिल्या' करायला रदीफ बदलत नाही. रदीफ निवडणे म्हणजे भाषेतल्या शब्दांचा एक मोठा भाग आधीच दाराबाहेर ठेवणे. 'आहे' किंवा 'नाही' हे रदीफ आपल्याकडे एवढे लोकप्रिय का, याचे एक कारण मला यात दिसते : त्यांना लिंगभेद नाही, तिन्ही लिंगे सामावतात. सोय आहे, आणि सोयीमुळेच त्यांच्यावर सर्वाधिक सामान्य गझला लिहिल्या गेल्या असाव्यात. फार्सी आणि उर्दूप्रमाणे मराठीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून क्रियापदाचा रदीफ आपल्याकडे उपरा वाटत नाही, हे मात्र आपले भाग्य.

शेराच्या स्वातंत्र्याविषयी परंपरा स्वतः किती सावध होती, याची एक खूण उर्दू दिवाणांच्या पानांवरच आहे. गझलेच्या मध्ये दोन किंवा अधिक शेर मिळून एक सलग विधान करत असतील, तर तिथे कित्ता म्हणजेच 'कता' असल्याची खूण म्हणून 'काफ' हे अक्षर घालत. अपवाद झाला की सांगावे लागे, यावरून नियम कोणता ते कळते. सबंध गझल एकाच विषयावर चालली तर तिला 'मुसलसल' हे विशेषण लावावे लागते, तेही याच कारणाने. गालिब यांनी आपला दिवाण १८४१ साली प्रथम छापला तेव्हा आपल्या तरुणपणीच्या पुष्कळ रचना त्यांनी गाळल्या, आणि काही गझलांचे तर मोजकेच शेर ठेवले. सुनीताच्या चौदा ओळींतून आठ काढून ते छापता येईल काय? गवयीही मैफलीत गझलेचे चार शेर निवडतो, बाकीचे सोडतो, आणि कुणाची तक्रार नसते.

मराठीत मात्र आरंभ उलट दिशेने झाला. माधव जूलियन यांनी १९३३ च्या 'गज्जलांजलि'त फार्सी वृत्ते आणि यमकरचना मोठ्या साक्षेपाने मराठीत आणल्या, पण त्यांतल्या बहुतेक रचना सलग भावगीतांसारख्या चालतात. त्यांच्यावर नंतर जी टीका झाली ती मला काहीशी अन्यायाची वाटते. ज्या पिढीने रविकिरण मंडळात भावकविता घडवली, तिला दोन ओळींत कविता संपवून पुढे जाणे हे अर्धवट सोडल्यासारखे वाटले असणार. सुरेश भट यांनी शेर ही स्वतंत्र कविता आहे हे निक्षून सांगितले तेव्हा कुठे आपल्याकडे गझलेची मोजणी शेरात सुरू झाली. पण वर्गातली मोजणी अजून बदललेली नाही.

राहिला मक्ता. गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचे टोपणनाव, तखल्लुस, आले तर तो मक्ता. नाव नसलेल्या अखेरच्या शेराला काटेकोर अर्थाने मक्ता म्हणत नाहीत. मला तखल्लुस नाही, पण या नमुन्यापुरते मी 'पाहुणा' हे नाव घेतले :

बोलला थोडे, निघाला, संपले
पाहुणा होता, शहाणे राहिले

इथे तीन घटना एकाच वेळी घडतात. आतापर्यंत शेरांतून बोलणारा, कुठे उघड तर कुठे आडून, 'मी' होता. मक्त्यात तो 'तो' होतो. कवी स्वतःपासून एक पाऊल मागे सरून आपल्याकडे तिऱ्हाइतासारखा पाहतो. दुसरे, 'पाहुणा' हे नाव आहे आणि सामान्य नामही आहे. ज्याला टोपणनाव ठाऊक नाही त्याच्यासाठी हा कुठल्याही मैफलीत येऊन गेलेल्या कुठल्याही पाहुण्याचा शेर आहे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी ती कवीची सही आहे. म्हणजे शेर स्वयंपूर्ण राहूनही संपूर्ण गझलेच्या शेवटी शिक्का उमटवतो. नाव काढून घेतल्यावरही जो उभा राहतो, तो मक्ता खरा. नाव केवळ मात्रा भरायला आले असेल, तर त्याच्या जागी तेवढ्याच मात्रांचे कुणाचेही नाव बसते. परीक्षा पुन्हा रदीफासारखीच. मोमिन यांचे नाव या बाबतीत उर्दूत नेहमी घेतले जाते : 'मोमिन' म्हणजे श्रद्धावान, आणि मूर्तीसारख्या प्रेयसीसमोर श्रद्धावानाची जी पंचाईत होते तिच्यावर त्यांनी आपले मक्ते उभे केले. गालिब आधी 'असद' या नावाने लिहीत. सिंह आणि विजयी, दोन्ही नावे अर्थवाही आहेत, आणि पराभवाच्या शेरात 'विजयी' हे नाव आले की त्याला आपोआप धार येते. तिसरे, 'राहिले' इथे शेवटचे येते, आणि ते कवीच्या वाट्याचे नाही : तो निघाला, शहाणे राहिले.

मराठी गझलकारांनी बहुतांशी तखल्लुस स्वीकारला नाही. ती परकी प्रथा वाटली, असे कारण दिले जाते. मला ते विचित्र वाटते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी', 'म्हणे जनी' या नाममुद्रांवर सात शतके कान तयार झालेल्या भाषेला शेवटी कवीने आपले नाव घालणे परके कसे वाटावे? पण इथे एक फरक आहे आणि तो लक्षात घेतला तर या नकाराचे खरे कारण कदाचित दिसेल. अभंगातली नाममुद्रा साक्ष देते. आधीच्या चरणांत जे सांगितले त्यामागे 'हे मी म्हणतो' असे बळ ती उभे करते. ती सबंध अभंगाशी बांधलेली असते. मक्त्यातले नाव साक्ष देत नाही. ते बहुधा स्वतःचीच चेष्टा करते, स्वतःला समजावते, स्वतःला हाक मारते. आणि आधीच्या शेरांत काय म्हटले याची त्याला जबाबदारी नसते. मराठी कवीला शेवटी नाव घालायचे म्हणजे अभंगाच्या सुरात जाऊन निर्णय द्यावासा वाटतो, आणि गझलेचा सानी मिसरा निर्णय सहन करत नाही. मी माझ्या मक्त्याच्या आधी केलेल्या दोन खर्ड्यांत 'पाहुणा सांगे' असेच लिहून बसलो होतो. दोन्ही फाडले.

तेव्हा ती प्रश्नपत्रिका पुन्हा काढायची झाली तर? नेमलेल्या गझलेतला कोणताही एक शेर द्यावा आणि विचारावे : पहिली ओळ काय लपवते? रदीफ बदलल्यास शेराचे काय होते? काफियातला प्रत्यय काढल्यावर काय उरते? हा शेर गझलेतून काढला तर गझलेचे काय बिघडेल, आणि शेराचे काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाची दोन उत्तरे सारखी आली, तर परीक्षकाने थांबून ती उत्तरपत्रिका पुन्हा वाचावी. मी असे प्रश्न एकदा घरच्या अभ्यासासाठी दिले होते. एका विद्यार्थिनीने माझ्याच पाखरांच्या शेराखाली लिहिले : 'दुसऱ्या ओळीत "या" कशाला आहे? मूठ कोणाची ते लपवायचे होते ना?' तिचे बरोबर आहे. 'या'ने बोट दाखवले आहे, आणि मात्रा भरण्यापलीकडे त्याचे तिथे काय काम आहे, हे मला अजून सांगता आलेले नाही.